विश्लेषण : ‘हॅलो’ गेला, ‘साहेब’ राहिला! कार्यालयातली संबोधने नेमके काय ठरवतात?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने एक शासन निर्णय काढला. शासकीय, निमशासकीय आणि अनुदानित संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर किंवा समोरासमोर बोलताना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम’ म्हणावे, असे त्यात सांगितले होते. तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी ही कल्पना ऑगस्टमध्येच जाहीर केली होती. दुसऱ्याच दिवशी, गांधी जयंतीला, वर्ध्यात मोहिमेचा प्रारंभ झाला. मग ‘वंदे मातरम’ की ‘जय बळीराजा’, सक्ती की आवाहन, असा वाद काही दिवस रंगला.

या वादात एक साधी गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. अभिवादनाला दोन भाग असतात. पहिला शब्द नमस्काराचा आणि दुसरा समोरच्या माणसाला हाक मारण्याचा. सरकारने पहिला बदलायला घेतला. सातारा किंवा सांगलीतल्या एखाद्या तहसील कार्यालयात फोन लावून पाहा. पहिल्या शब्दाच्या जागी ‘नमस्कार’, ‘रामराम’, ‘जय शिवराय’, ‘जय भीम’, ‘जय हिंद’ किंवा ‘जय जिनेंद्र’ यांपैकी काहीही येईल. दुसरा शब्द मात्र बहुधा एकच असतो : ‘साहेब’. आणि कोण मोठा, कोण मागणारा, कोणाला थांबवता येते, हे त्या दुसऱ्या शब्दातच ठरून जाते.

सातारा-सांगलीतच हा विषय का?

कारण नात्याच्या आणि मानाच्या हाका सार्वजनिक जीवनात इतक्या मुरलेला दुसरा पट्टा राज्यात क्वचितच सापडेल. १९४९ पर्यंत हा भाग प्रशासनाच्या लेखी बराचसा एकत्रच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दोन्हीकडची मोठी माणसे लोकांनी हाकेनेच ओळखली. कराडचे यशवंतराव चव्हाण ‘साहेब’. सांगलीचे वसंतराव पाटील ‘दादा’, तेही असे की ‘वसंतदादा’ हेच नाव इतिहासात राहिले. वाळव्याचे राजाराम पाटील ‘बापू’, तिथलेच नागनाथ नायकवडी ‘अण्णा’, वाईचे किसन वीर ‘आबा’ आणि तासगावचे आर. आर. पाटीलही ‘आबा’. रयत शिक्षण संस्था उभी करणारे भाऊराव पाटील ‘अण्णा’ आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई विद्यार्थ्यांच्या ‘वहिनी’.

ही नावे नुसती प्रेमाची नव्हती. या माणसांच्या भोवती साखर कारखाने, बँका, सूतगिरण्या, शाळा-महाविद्यालये उभी राहिली आणि हजारो लोकांची रोजीरोटी तिथे लागली. म्हणजे घरातली हाक थेट नोकरीच्या जागी आली. सहकारी साखर कारखान्यात तर एक गंमत आहे. कायद्याने ऊस घालणारा सभासद हा कारखान्याचा मालक असतो आणि अध्यक्ष हा त्याने निवडून दिलेला प्रतिनिधी. पण उसाची तोड लांबली म्हणून गट ऑफिसात आलेला मालक हात जोडून म्हणतो, ‘सायेब, तेवढी तोड बघा की.’ समोर बसलेला शेती मदतनीस त्याच्याच पैशातून पगार घेत असतो.

‘साहेब’ हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ सोबती, साथीदार असा आहे. प्रवासात तो मालक, धनी असा झाला आणि इंग्रजी अमलात गोऱ्या अधिकाऱ्याला चिकटला. ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’ हे तर ब्रिटिश सरकार देत असलेले किताब होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने सरकारी किताब बंद केले, पण लोकांच्या तोंडची हाक कुठलाही अनुच्छेद बंद करू शकत नाही. या भागात तर ती हाक लिखाणातही शिरली. अर्जावर आजही ‘मा. तहसीलदारसो यांचे सेवेशी’ असे लिहिले जाते. त्यातला ‘सो’ म्हणजे साहेब. मतदार यादी चाळली तर बाळासो, आण्णासो, दादासो, बापूसो अशी नावे ओळीने भेटतात. एखाद्या शिपायाचे पाळण्यातले नावच बाळासाहेब असेल, तर त्याच्या अधिकाऱ्यालाही दिवसातून दहा वेळा त्याला ‘साहेब’ म्हणावे लागते. तेवढ्यापुरती समानता आपोआप येते.

एका दाखल्याच्या वाटेवर किती हाका?

समजा, जून महिना आहे आणि एका मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. तिचे वडील आधी गावच्या तलाठ्याकडे जातात. या पदाचे नाव शासनाने अलीकडेच ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले, पण गावात तो ‘भाऊसाहेब’च आहे. ग्रामसेवकाचेही तसेच. पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले, हाक जुनीच राहिली. भाऊसाहेबांकडून उत्पन्नाचा अहवाल घेऊन वडील सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात जातात. तिथे संगणकावर बसलेला मुलगा वयाने लहान, म्हणून तो ‘दादा’. अर्ज ऑनलाइन जातो, पण आठवडा उलटला तरी दाखला येत नाही, म्हणून ते तहसील कार्यालय गाठतात. दारातला शिपाई ‘मामा’, टेबलावरची लिपिक ‘मॅडम’, आतल्या केबिनमधले नायब तहसीलदार ‘साहेब’ आणि कोपऱ्यात फरशी पुसणारी बाई ‘मावशी’.

आता उलट दिशेने पाहा. ज्याला ‘साहेब’ म्हटले तो या गृहस्थाला काय म्हणतो? बहुतेक वेळा काहीच नाही. ‘काय काम आहे?’ एवढेच. फार तर ‘ओ पावणं’, नाहीतर ‘ए, बाहेर थांबा’. ज्याला ‘मामा’ म्हटले तो मात्र सगळ्यांना ‘साहेब’ म्हणतो. मावशीला कोणी ‘मॅडम’ म्हणत नाही आणि मावशी कोणाला ‘भाचा’ म्हणत नाही. घरात मावशीचा शब्द चालतो, ती रागावली तर ऐकून घ्यावे लागते. कार्यालयातल्या मावशीला ती मुभा नाही. नाते उच्चारले जाते, पण नात्याबरोबर येणारा अधिकार दिला जात नाही. संबोधन आपुलकीचे आहे की उतरंडीचे, हे ओळखायची खूण हीच : तोच शब्द, किंवा त्याच्या तोडीचा शब्द, परत येतो का?

यात प्रश्न नुसत्या मानापमानाचा असता तर सोडून देता आला असता. पण हाकेमागून वाक्य येते. ‘साहेब’ म्हटले की पुढचे वाक्य ‘माझा दाखला कुठे अडला?’ असे येत नाही, ‘जरा बघा की’ असे येते. आणि दाखला हा उपकार नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क केला आहे. अर्ज घेतल्यावर क्रमांकासह पोच द्यावी लागते. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा कारण न देता नाकारली, तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, मग दुसरे आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कसुरी सिद्ध झाली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कोणत्या सेवेला किती दिवस आणि जबाबदार अधिकारी कोण, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे.

हा फलक बहुतेक ठिकाणी भिंतीवर असतोही. त्याच्याखाली उभे राहून माणूस ‘बघा की साहेब’ म्हणतो, कारण अपील हे परक्यावर करायचे असते आणि साहेबाला विनवायचे असते. ‘साहेब’ हा शब्द अपिलाच्या आड येतो, असे म्हणणे थोडे ताणल्यासारखे वाटेल. पण ज्याला आपण ‘भाऊसाहेब’ म्हणत आलो, ज्याच्याकडे उद्या सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठीही जायचे आहे, त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार करणे गावात किती जड जाते, हे तिथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

‘ताई’ हा मान की मोफत सेवेचा करार?

‘साहेब’ वर चढतो. ‘ताई’ मात्र दोन्ही दिशांना जातो आणि म्हणून तो अधिक गुंतागुंतीचा आहे. राजकारणात ‘ताई’ म्हणजे नेता. पण महिला जिल्हाधिकाऱ्याला कोणी ‘ताई’ म्हणत नाही, ती ‘मॅडम’ असते. सरकारी यंत्रणेत पदाला कायमचे चिकटलेले ‘ताई’ कोणाच्या वाट्याला येते? अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्या.

अंगणवाडी सेविका १९७५ पासून, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून काम करते. पोषण आहार, मुलांची वजने, गरोदर मातांच्या नोंदी, लसीकरणाला मदत, सर्वेक्षणे आणि मोबाइलवर माहिती भरणे, हे सगळे तिच्याकडे. तिला जे मिळते त्याला वेतन नाही, ‘मानधन’ म्हणतात. ‘ताई’ आणि ‘मानधन’ हे शब्द एकमेकांना धरून आहेत. बहीण घरच्या कामाचा पगार मागत नाही, तिला फार तर ओवाळणी मिळते. यंत्रणेने असे कुठे लिहून ठेवलेले नाही, पण शब्दांचा कल तिकडेच आहे. रात्री नऊ वाजता ‘ताई, तेवढी माहिती आजच भरा’ असा संदेश पाठवणे सोपे असते. ‘श्रीमती अमुक, कार्यालयीन वेळेनंतर माहिती भरा’ असे लिहायला हात अडखळतो.

या शब्दामागचे वास्तव सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी तपासले. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातून आलेल्या मणिबेन भारिया प्रकरणात न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, लाभ लागू असल्याचा निकाल दिला. नाव मानधन असले तरी त्या कायद्यापुरते ते वेतनच, असा त्याचा अर्थ. पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी जवळपास दोन महिने संप केला. मागण्यांमध्ये मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी आणि निवृत्तीनंतरचा आधारही होता. ‘ताई’ म्हणू नका, अशी मागणी कोणी केली नाही. कारण अनेक सेविकांना ही हाक आवडते, आयांचा विश्वास तिच्यातूनच येतो. गावातल्या आईने ‘ताई’ म्हणणे आणि पर्यवेक्षकाने आदेश देताना ‘ताई’ म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढेच.

बायकांच्या बाबतीत या हाकेला आणखी एक बाजू आहे. पुरुषांनी भरलेल्या कार्यालयात नव्याने आलेली तरुणी सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘दादा’ म्हणते, तेव्हा ती अनेकदा कुंपण घालत असते. सहकारीही ‘ताई’ म्हणून आपला हेतू स्वच्छ असल्याचे सांगतो. हे कुंपण उपयोगी आहे, पण त्याची गरज पडावी ही गोष्ट कार्यालयाबद्दलच काहीतरी सांगते. शिवाय पाच-दहा वर्षांनी तीच तरुणी त्याच ‘दादा’ची वरिष्ठ होते, तेव्हा त्याला मेमो देताना हाच शब्द दोघांनाही अवघड जातो.

‘सर-मॅडम’ने प्रश्न सुटला का?

शहरांत आणि खासगी कार्यालयांत ‘साहेब’ची जागा ‘सर’ने घेतली आहे. कूपरच्या साताऱ्यापासून किर्लोस्करवाडीपर्यंत या भागाला कारखानदारीची जुनी ओळख आहे, आणि एमआयडीसीत आज ‘सर’च ऐकू येतो. व्हॉट्सॲपवर तर ‘ओके सर’, ‘नोटेड सर’ हे विरामचिन्हासारखे झाले आहे. पण ‘सर’ ही ‘साहेब’ची नवी पाटी आहे, उतरंड तीच. पुण्यातल्या आयटी कंपनीत मॅनेजरला नुसत्या नावाने हाक मारणारा साताऱ्याचा मुलगा सुट्टीला घरी येतो आणि वीज मंडळाच्या कार्यालयात पाऊल टाकताच ‘साहेब’ म्हणतो. शब्द माणसाचा नसतो, जागेचा असतो.

मग नुसते नाव? इथे मराठीत खरी अडचण आहे. आडनावाने जात कळते आणि आडनावापुढे कोणाला ‘साहेब’ लागते, कोणाला लागत नाही, हेही एखाद्या कार्यालयात आठवडाभर कान देऊन बसले तर कळते. ‘राव’, ‘पंत’, ‘बाई’ या प्रत्ययांनाही आपापला इतिहास आहे. पण मराठीची एक सोयही आहे. आपला आदर नावाच्या शेपटीत नसून क्रियापदात असतो. ‘प्रकाश, तुम्ही फाइल पाहिलीत का?’ या वाक्यात ना साहेब, ना राव, तरी मान पूर्ण आहे. ‘प्रकाशराव, फाइल बघ की जरा’ यात राव असून मान नाही. सातारी-सांगली बोलीत तर ‘व्हय’, ‘काय म्हंताय’ असे सहज बोलतानाही अहो-जाहो टिकवता येते. शिपायाला ‘मामा’ म्हणून ‘अरे-तुरे’ करण्यापेक्षा त्याच्या नावाने ‘अहो’ करणे त्याला जास्त मान देते.

स्वीडनमध्ये अशीच वेळ आली होती. तिथे बोलताना समोरच्याचा हुद्दा पुनःपुन्हा उच्चारायची पद्धत होती. १९६७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय मंडळाचे नवे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनी आपण सगळ्यांना साध्या ‘तू’ने बोलणार आणि आपल्यालाही तसेच बोलावे, असे सांगितले. बदल आधीच सुरू होता, वरच्या माणसाने बोलल्याने तो झपाट्याने पसरला. आपल्याकडे ‘तू’ने ते साधणार नाही, कारण आपला ‘तू’ आधीच खालच्या बाजूला वाटला गेला आहे. मराठीत समानता यायची तर ती सगळ्यांना ‘तुम्ही’ करूनच येईल.

केरळच्या पंचायतीने काय केले?

जवळचे उदाहरण पालक्काड जिल्ह्यातल्या मात्तूर ग्रामपंचायतीचे आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस या पंचायतीने ठराव करून कार्यालयात ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणणे बंद केले. ठराव तेवढ्यावर थांबला नाही, म्हणून तो लक्षात घेण्यासारखा आहे. कर्मचाऱ्यांची नावे आणि पदे दिसतील अशी लावायचे ठरले. ‘सर’ म्हटले नाही म्हणून कोणाचे काम अडले, तर अध्यक्ष किंवा सचिवाकडे तक्रार करता येईल, असे जाहीर झाले. आणि कागदावरची विनंतीची भाषा काढून तिथे हक्काची भाषा आणायचे ठरले.

आपल्या दृष्टीने सर्वांत रंजक भाग पुढचा आहे. नावाने हाक मारणे ज्यांना अवघड वाटते त्यांनी वयाने मोठ्या कर्मचाऱ्याला ‘चेट्टन’ किंवा ‘चेच्ची’ म्हणावे, अशी मुभा ठेवली. म्हणजे दादा आणि ताई! आपल्याकडे जे जुने वाटते तेच तिथे पर्याय म्हणून आले, कारण तिथे ती हाक नागरिकाने खुर्चीतल्या माणसाला मारायची आहे. खुर्चीतल्या माणसाला ‘दादा’ म्हटले की तो बरोबरीला येतो. सेवा देणाऱ्या बाईला ‘ताई’ म्हटले की ती घरकामाला लागते. शब्द एकच, दिशा वेगळी. सांगली जिल्ह्यात जतकडे गेले की कानडीतून आलेले ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ असेच दोन्ही दिशांना चालतात. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘अण्णा’ म्हणतो, गिऱ्हाईकही दुकानदाराला ‘अण्णा’च म्हणते.

मग इथे काय करता येईल?

‘साहेब’ म्हणू नका, असे परिपत्रक निघाले तर त्याचे ‘वंदे मातरम’सारखेच होईल. काही दिवस चर्चा आणि मग सवय. शिवाय हाक बदलण्याची जोखीम नेहमी खालच्या माणसावर पडते. दाखला हवा असलेल्या बापाने नायब तहसीलदारांना नावाने हाक मारून पाहावी, असा सल्ला देणे सोपे आहे. किंमत तो मोजणार.

म्हणून सुरुवात खुर्चीतल्या माणसाकडून व्हावी लागते आणि तिला खर्च नाही. टेबलावर नाव आणि पद दिसेल अशी पाटी हवी. ओळखपत्र दर्शनी लावा, हे तर शासनाने पुनःपुन्हा सांगितले आहे. फोन उचलल्यावर ‘कोण बोलतंय?’ विचारण्याआधी स्वतःचे नाव आणि कार्यालय सांगितले, तर पलीकडच्याला ‘साहेब हायत का?’ असे विचारावे लागत नाही. आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणून त्याचे नाव विचारले आणि पुढची वाक्ये त्या नावाने बोलली, तर हाक एकतर्फी राहत नाही. मामा आणि मावशी यांची नावे हजेरीपटावर असतातच, ती वाचायला शिपायाची गरज नाही. कंत्राटी सफाई कामगारांच्या बाबतीत मात्र ती नावे ठेकेदाराकडच्या वहीत असतात. वर्षभर रोज दिसणाऱ्या मावशीचे नाव विचारल्यावर अख्ख्या कार्यालयाला ते सांगता येत नाही, असे घडते ते त्यामुळेच.

नागरिकाच्या हातात हाक बदलण्यापेक्षा हाकेनंतरचे वाक्य बदलणे आहे. ‘साहेब’ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण पुढे ‘जरा बघा की’ऐवजी ‘माझा अर्ज क्रमांक हा, तारीख ही, मुदत संपली, आता पहिले अपील कोणाकडे करायचे?’ असे विचारावे. पोच खिशात असली की हे वाक्य जिभेवर येते, नसली की येत नाही. त्यामुळे सेतू केंद्रातल्या ‘दादा’कडून निघताना ती छापील पोच मागून घ्यावी. मोबाइलवर क्रमांक आला असेल तर तिथेच तो उघडून दाखवायला सांगावा.